सातवा पडदा

आमचं दुकान घाऊक कापडाचं. आत शिरलं की डाव्या हाताला जिना, आणि जिन्याखाली, जिथे सरळ उभं राहिलं तर डोकं आपटतं अशा जागेत, एक फळी टाकलेली. त्या फळीमागे माझी थोरली जाऊ बसायची. बाजारात तिला सगळे तुकडेवाली म्हणायचे, तोंडावरसुद्धा. तिला त्याचं काही वाटत नसे. "नाव विसरलेत मेले," म्हणायची, "पण जागा कुणी विसरत नाही."

तिचा नवरा, म्हणजे माझे थोरले दीर, अचानक गेले. मूलबाळ नव्हतं. नंतर घरात सगळे नातेवाईक जमले आणि हिचं आता काय करायचं यावर ती शेजारच्या खोलीत असताना दबक्या आवाजात चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं महिन्याला काहीतरी द्या, कुणी म्हणालं दोन वेळचं जेवण धाकट्याकडे. ती दारात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले होते, पण आवाज खणखणीत.

"मला पाकीट नको आणि ताटही नको," ती आमच्या ह्यांना म्हणाली. "भाऊजी, दुकानात तागा संपताना जे उरतं ना, दोन मीटरच्या आतलं, ते माझं. जिन्याखाली बसू द्या. मी माझं बघते."

हे लगेच हो म्हणाले. आनंदानेच म्हणाले, कारण त्या तुकड्यांचं तेव्हा काही होतच नव्हतं. शिवणकामाचे छोटे कारखानेवाले आमच्याकडून हवं तेवढं कापून नेत. तागा संपत आला की शेवटी मीटर, दीड मीटर, कधी हातभर उरायचं. त्यात कुणाचा शर्ट बसत नाही, म्हणून पूर्ण भावाने ते कुणी घेत नाही. असे तुकडे एका खोक्यात पडत आणि खोकं भरलं की किलोवर जात.

जाऊबाईने त्या खोक्यातून संसार उभा केला, आणि हे मी उगाच म्हणत नाही. ती तुकडे लांबीवर लावायचीच नाही. कशासाठी लागतील त्यावर लावायची. हा चिमुरडीच्या फ्रॉकचा, हा स्वयंपाकघरातल्या एप्रनचा, हा उशीचा, हा नुसत्या खिशांचा. एखादी बाई पोराला घेऊन आली की मोजपट्टी न घेता तुकडा सरळ पोराच्या पाठीवर टाकायची, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत नजर फिरवायची आणि म्हणायची, "होईल. पण पोराला खायला कमी घाल, नाहीतर वर्षभरात परत यायला लागेल." बाई हसायची, तुकडा न्यायची. अंगठा आणि बोट यांच्यात कापड चोळून भाव सांगण्यात तिचा हात कुणी धरला नाही. वरच्या मजल्यावरच्या तिच्या खोलीत ती स्वतःचं शिजवायची, स्वतःचं खायची. मी काही दिलं की वाटी कधी रिकामी परत आली नाही. मला तिचा राग यायचा कधीकधी. इतका ताठा कशाला, असं वाटायचं. आता वाटतं, तो ताठा होता तोवर बरं होतं.

आमचे हे मात्र हाडाचे मीटरवाले. मीटरवर विकणाऱ्याचं एक सुख असतं. कापड मोजून दिलं की हात झटकून मोकळं. धुतल्यावर आटलं, तर ते नेणाऱ्याने बघावं. कापताना उरलं, तर तेही नेणाऱ्याच्या नशिबात. शिंप्याला शंभर मीटर दिले की त्यातून त्याचे किती शर्ट निघतात हे ह्यांनी जन्मात विचारलं नव्हतं. फार तर नव्या माणसाला सांगायचे, "हे कापड शंभराला पाच आटतं हो, तेवढं जास्त न्या." एवढंच.

पण ते जास्त नेणारेच कमी होत गेले. तयार कपडे स्वस्त झाले, शिवणकामाचे कारखाने एकामागून एक कुलपं लावू लागले. आमच्या दुकानात दुपारी माश्यासुद्धा कंटाळून बाहेर जायच्या. अशात एका नव्या मोठ्या इस्पितळाची ऑर्डर निघाली. प्रत्येक खाटेभोवती पडदे, खिडक्यांना पडदे, सगळे एका मापाचे, एका रंगाचे. शेकड्यांनी. ती मिळाली तर दुकान दोन-तीन वर्षं श्वास घेणार होतं.

इस्पितळाचा खरेदीवाला स्वतः दुकानात आला. नीटनेटका, घाईतला माणूस. ह्यांनी चार तागे उलगडून दाखवले आणि सवयीने मीटरचा भाव सांगायला लागले. त्याने हात वर केला.

"मीटर-बिटर मला सांगू नका," तो म्हणाला. "शिवून तयार एका पडद्याचा भाव सांगा. धुतल्यावर लांबी पावणेतीन मीटर भरली पाहिजे, आमच्याकडे रोज कढत पाण्यात धुणं असतं. मध्ये जोड चालणार नाही. बाकी तुम्ही जाणा आणि तुमचं कापड जाणे."

तो गेल्यावर हे उलगडलेले तागे परत गुंडाळत बसले. नगावर भाव म्हणजे आटलेलं आपलं, उरलेलंही आपलं. आयुष्यभर ज्या गोष्टी दुसऱ्याच्या गळ्यात घातल्या त्या सगळ्या परत आल्या. जिन्याखालून जाऊबाई म्हणाली, "भाऊजी, आधी कापड भिजवून बघू. मग तोंड पाडा."

तिनेच ते काम केलं. कापडावर मीटरभर अंतरावर धाग्याच्या दोन खुणा घातल्या, कढत पाण्यात रात्रभर बुडवून ठेवलं, पिळून न काढता सावलीत सुकवलं. दुसऱ्या दिवशी खुणांमधलं अंतर मोजलं तर पंचाण्णव सेंटिमीटर. पन्ह्यातही थोडं आटलं होतं, पण पडद्याला चुण्याच घालायच्या, त्यामुळे रुंदीची चिंता नव्हती. लांबीत शंभराला पाच. ह्यांना जे तोंडपाठ होतं तेच.

मग दोघं गल्ल्यावर बसून हिशोब करायला लागले. मी चहा घेऊन उभी होते म्हणून मला आठवतं. तागा वीस मीटरचा. पावणेतीनचे सात पडदे, म्हणजे सव्वा एकोणीस मीटर. उरलं पाऊण. ताग्याची किंमत भागिले सात, त्यावर आटण्याचे शंभराला पाच चढवायचे, वर शिलाई, धुलाई, थोडा नफा. भाव निघाला. पण पलीकडच्या गल्लीतला व्यापारीही भाव देणार होता आणि तो आमच्याहून थोडा खाली जाईल अशी कुणकुण लागली होती. ह्यांनी पेन्सिल खाली ठेवली. कुठून कमी करणार?

"हे पाऊण मीटर आहे ना प्रत्येक ताग्याचं," जाऊबाई म्हणाली.

"ते तुमचं आहे, वहिनी," हे म्हणाले.

"माझंच आहे म्हणून सांगते. या ऑर्डरपुरतं हिशोबात धरा. पाऊण मीटरमध्ये उशीचा अभ्रा बसतो. अभ्रेवाल्याला आधीच बोलून ठेवा, सगळे त्याला. तेवढे पैसे पडद्यातून कमी करा."

हे नको नको म्हणाले, पण फार वेळ म्हणाले नाहीत. मला ते खटकलं होतं. तिच्या जिन्याखालच्या फळीवर तेव्हा मोजून चार तुकडे होते. कारखानेवाले येईनासे झाल्यापासून तागेच कापले जात नव्हते, तर टोकं कुठून उरणार? दुकान चाललं तर तिची फळी भरेल, म्हणून ती फळीवरचं देत होती. मी बोलले काहीच नाही. बोलून उपयोग झाला असता असंही नाही, कारण ती दोघं जी चूक करत होती ती मलाही दिसली नव्हती.

ऑर्डर आम्हाला मिळाली. त्या दिवशी ह्यांनी तिला वाकून नमस्कार केला आणि ती म्हणाली, "उठा, पाठ धरेल." गिरणीतून एकाच रंगाचे, एकाच घाण्यात म्हणजे एका वेळी रंगवलेले तागे आले, निळसर हिरवे, आणि गोदाम छतापर्यंत भरलं. जाऊबाई ताग्यांवर हात फिरवत गोदामात उगीच फिरायची. पैसे अर्थातच आमचे नव्हते. दुकान गहाण टाकून आणलेले होते.

तागे धुलाईच्या कारखान्यात जाऊन आले आणि कापणाऱ्या मास्तरने पहिला तागा लांब टेबलावर पसरला. आम्ही तिघंही बघायला गेलो होतो. हौस होती. मास्तरने माप टाकलं, कापलं. एक, दोन, तीन. जाऊबाई मोठ्याने मोजत होती. सहावा पडदा कापून झाला आणि मास्तरने उरलेल्या कापडावर पट्टी टाकली. मग परत टाकली.

"सातवा होत नाही," तो म्हणाला. "अडीच मीटर आहे."

"नीट बघा," हे म्हणाले. "सात होतात. पाऊण मीटर उरतं."

"वीसचे सात होतात, शेठ. हा एकोणीस आहे. आटलाय ना."

मी ह्यांच्याकडे बघितलं. तोंडावरचा रंग उतरत गेलेला दिसला. वीस मीटरचा तागा शंभराला पाच आटला म्हणजे एक मीटर गेला. तो एक मीटर कुठून जाणार? त्या पाऊण मीटरातून आणि सातव्या पडद्यातून. पाऊण मीटर आधीच संपलं, वर पाव मीटर पडद्याचं खाल्लं, आणि पाव मीटर नाही म्हणून अख्खा पडदा बाद. ताग्याला सातऐवजी सहा. भावात त्यांनी शंभराला पाच धरले होते. प्रत्यक्षात एकेका पडद्याला कापड शंभरामागे सोळा-सतरा जास्त लागत होतं. मीटरवर विकणाऱ्या माणसाला टक्का कळतो. त्याच्या कापडाला टोक असतं हे त्याच्या डोक्यात येत नाही, कारण ते टोक नेहमी दुसऱ्याच्या टेबलावर निघतं. आणि जाऊबाई, जिचं सगळं पोट त्या टोकांवर होतं, तिनेही टोक मोजलं ते कोऱ्या ताग्याचं. आटलेल्या ताग्याचं मोजलंच नाही.

"तागे एकवीसचे मागवले असते तर," ती पुटपुटली. बस, एवढंच. एकवीस मीटर आटून जेमतेम वीस झाले असते आणि सात पडदे सुखाने निघाले असते. ताग्यामागे एक मीटर.

मास्तर कात्री हातात धरून उभा होता. "पुढचे कापू की थांबू?" त्याने विचारलं. ह्यांनी हातानेच थांबायला सांगितलं.

हे खरेदीवाल्याकडे गेले, मला बरोबर घेऊन. एकट्याने जायचा धीर नव्हता. सातातला एक पडदा अडीच मीटरचा चालेल का, असं विचारलं. त्याने खाटांवरचे रूळ दाखवले, छतात पक्के बसवलेले. पडदा वीतभर वर राहिला तर आतल्या रोग्याचं सगळं दिसणार. जोड देऊन चालेल का? जोडात मळ धरतो, नाही. भाव थोडा वाढवून मिळेल का? तेव्हा तो माणूस जरा मऊ झाला, पण मान हलवतच बोलला.

"तुम्ही मला पडद्याचा भाव दिलात. त्यात कापड किती गेलं हे मी कधी विचारलं का? उद्या तुमचं कापड वाचलं असतं, तर तुम्ही मला पैसे परत द्यायला आला असतात?"

त्याचं चुकीचं नव्हतंच. परतताना रस्ताभर मी ज्या गोष्टी बोलायला नको होत्या त्या सगळ्या ह्यांना बोलून घेतल्या.

कमी पडलेल्या पडद्यांसाठी आणखी तागे घ्यावे लागले. तोच रंग हवा म्हणून गिरणीने छोटा घाणा काढला आणि त्याचा भाव दामदुप्पट लावला. पडदे वेळेत गेले. प्रत्येक पडद्यामागे आम्ही खिशातून घातले. आणि दुकानात, जिकडे बघावं तिकडे, अडीच अडीच मीटरचे निळसर हिरवे तुकडे रचलेले. एकाही तुकड्यात पडदा होत नव्हता. अभ्रेवाला ठरल्या बोलाला जागला, पण त्याने तुकड्याच्या भावातच घेतले. एका तुकड्यात त्याचे तीन अभ्रे बसत. पूर्ण भावाने घेतलेलं कापड आम्ही उशांना वाटलं.

त्यातले काही तुकडे जिन्याखाली ठेवा असं हे म्हणाले. जाऊबाई म्हणाली, "दोन मीटरच्या वरचं माझं नाही." त्या दिवशीसुद्धा.

मग जे झालं ते हळूहळू झालं. गोदाम गेलं. हे ठेच खाऊन एकच गोष्ट शिकले, ती इतकी पक्की की बघवेना. आता सगळं नगावर. आधी धुवून बघायचं, मग नग किती निघतात ते काढायचं, आणि गिरणीला नेमक्या त्याच लांबीचे तागे सांगायचे. छोट्या इस्पितळांचे, वसतिगृहांचे पडदे, चादरी. सुटं कापून देणं बंद. मोजायचं टेबल हलवून तिथे शिलाईची यंत्रं आली. धंदा छोटा झाला, पण बुडाला नाही. लोक ह्यांना हुशार म्हणायला लागले. ताग्याच्या शेवटी आता बोटभर चिंधी उरते, यंत्राला तेल पुसायच्या कामाची.

जाऊबाई तरीही रोज जिन्याखाली येऊन बसत होती. फळी पुसायची. एखादी जुनी गिऱ्हाईक यायची, "काही आहे का हो?" म्हणायची, आणि ती म्हणायची, "पुढच्या आठवड्यात ये." मग तेही म्हणेनाशी झाली. फळीच्या जागेवर तयार मालाचे गठ्ठे ठेवायची वेळ आली तेव्हा ह्यांनी तिला काही सांगितलं नाही. तिनेच फळी काढून भिंतीला टेकवली आणि म्हणाली, "भाऊजी, इथे ओल नाही, माल चांगला राहील."

तेव्हापासून ती आमच्याकडे जेवते. मीच सांगितलं, हात जोडून सांगितलं. वरच्या खोलीतली शेगडी बरेच दिवस पेटत नव्हती, हे मला वास न आल्यामुळे कळलं. पानावर कडेला बसते. थोडं घेते. "अगं पुरे, पुरे" म्हणत ताटावर हात आडवा धरते. पूर्वी जी बाई मी दिलेल्या वाटीभर भाजीतही तीन खोड्या काढल्याशिवाय राहत नसे, ती आता सगळंच छान झालंय म्हणते. मला ते ऐकवत नाही. एकदा मी मुद्दाम भाजी खारट केली. ती तीही छान म्हणाली. मला ओरडावंसं वाटलं.

परवा ती माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. जरा घुटमळली.

"अगं, माझ्या उशीचा अभ्रा अगदी विरलाय," ती म्हणाली. "शिवलं तरी धागा धरत नाही. दुकानात कुठे पाऊण मीटर पडलेलं असलं तर बघशील का? कसलंही चालेल."

इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे मागितलेली ही पहिली वस्तू. मी ओले हात तसेच पुसत दुकानात गेले. तागे रांगेने लावलेले होते. आधी फळ्या बघितल्या, मग खोकी, मग यंत्रांखाली वाकून बघितलं. चिंध्यांशिवाय काही नव्हतं. ह्यांना सांगितलं तर ते ताग्याकडे बघत राहिले.

"पाऊण मीटर कुठून आणू?" ते म्हणाले. "सगळे मापाचे आहेत. यातून काढलं तर एक पडदा जातो." आणि मग, माझ्याकडे न बघता, "कापू का?"

मी नको म्हणाले. त्यांनी कापला असता, आणि नंतर रात्रभर त्या एका पडद्याचा हिशोब करत बसले असते. जाऊबाईला ते कळल्याशिवाय राहिलं नसतं.

बाजारातून तयार अभ्रा आणला, चांगल्यातला, सुती. संध्याकाळी वर नेऊन दिला. तिने घडी उलगडली, उलटा करून शिवण बघितली, आणि जुन्या सवयीने कापड अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून चोळलं.

"विकत आणलास?" तिने विचारलं. "केवढ्याला?"

मी जो आकडा मनात आला तो सांगितला, खऱ्याच्या निम्माही नव्हता. ती क्षणभर तसंच कापड चोळत राहिली. चोळून भाव सांगण्यात तिचा हात अजून कुणी धरत नाही.

"स्वस्त मिळाला गं," ती म्हणाली, आणि अभ्रा घडी करून मांडीवर ठेवला.